वर्गमूळ, घनमूळ आणि मधला सहा

एनसीईआरटीच्या बारावीच्या गणिताच्या पुस्तकात समाकलनाचं, म्हणजे मुलांच्या तोंडी असलेल्या इंटिग्रेशनचं, प्रकरण संपतं तिथे संकीर्ण प्रश्नांचा एक संच आहे. त्यात सुरुवातीलाच हा प्रश्न भेटतो:

∫ dx / (√x + ∛x)

शेजारीच सूचना छापलेली आहे: x = t⁶ घ्या. मुलं तसं घेतात, पाच-सहा ओळींत उत्तर येतं आणि पुढचा प्रश्न सुरू होतो. हा सहा कुठून आला, पाच किंवा सात का नाही, असं विचारायला वेळ कुणाकडे नसतो. क्लासमध्ये सांगतात की दोन आणि तीनचा लसावि सहा, म्हणून सहा. हे खरं आहे, पण अर्धवट आहे. लसावि घेतल्यावर काम का होतं, आणि दिसायला तसंच असणाऱ्या दुसऱ्या एखाद्या प्रश्नात कुठलाही लसावि घेतला तरी काम का होत नाही, याचं उत्तर त्यात मिळत नाही. ते उत्तर या एकाच गणिताच्या पोटात आहे, आणि बारावीपर्यंतचं गणित आठवत असणाऱ्या कुणालाही ते समजू शकतं.

आधी प्रश्न काय विचारतो ते पाहू. x ची कुठलीही धन किंमत घ्या, तिचं वर्गमूळ आणि घनमूळ काढा, दोन्हींची बेरीज करा आणि १ ला त्या बेरजेने भागा. x = १ असेल तर १ भागिले २, म्हणजे ०.५. x = ६४ असेल तर वर्गमूळ ८, घनमूळ ४, म्हणून १ भागिले १२, म्हणजे सुमारे ०.०८३. मधल्या सगळ्या किमतींसाठी असे बिंदू काढले की आलेखावर डावीकडे उंच आणि उजवीकडे हळूहळू उतरत जाणारी एक रेघ मिळते. तिच्याखालचं, १ पासून ६४ पर्यंतचं क्षेत्रफळ किती, हे समाकलनाने काढायचं आहे. हा ६४ मी मुद्दाम निवडला आहे, कारण त्याचं वर्गमूळही पूर्ण संख्या आणि घनमूळही पूर्ण संख्या.

एकटं √x असतं तर काही अडचण नव्हती. घाताचं समाकलन करायचा नियम सोपा आहे: घात एकाने वाढवा आणि नव्या घाताने भागा. एकटं ∛x असतं तरी तेच. अडचण अशी की दोघं मिळून छेदात बसले आहेत. बेरजेने भागताना भागाकाराचे दोन तुकडे पडत नाहीत, त्यामुळे घाताचा नियम लावायला जागाच उरत नाही.

इथे एक जुनी खात्री मदतीला येते. योहान बर्नुली आणि लायबनिट्स यांनी १७०२ साली परिमेय फलनांच्या समाकलनाची रीत मांडली. परिमेय फलन म्हणजे एका बहुपदीला दुसऱ्या बहुपदीने भागून मिळणारं फलन. त्यात चलाचे घात फक्त पूर्ण संख्या असतात, मूळ कुठेच नसतं. अशा फलनाचे आंशिक अपूर्णांकांत तुकडे करता येतात, आणि प्रत्येक तुकड्याचं समाकलन घात, लॉगॅरिदम आणि व्यस्त टॅन यांच्याबाहेर जात नाही. छेदाचे अवयव पाडणं कधी जड जाईल, पण उत्तर या चौकटीत असणारच. मूळ असलेल्या फलनाला अशी हमी नाही. म्हणून हेतू एकच ठरतो: चल असा बदलायचा की वर्गमूळ आणि घनमूळ दोन्ही एकाच वेळी नाहीसे व्हावेत आणि मागे शुद्ध परिमेय फलन उरावं. ऑयलर यांच्या समाकलनावरच्या मोठ्या ग्रंथाचा पहिला खंड १७६८ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये छापला गेला. त्यात पहिलं प्रकरण परिमेय फलनांचं आहे आणि दुसरं मूळचिन्हं असलेल्या फलनांचं. हा क्रमच सांगतो की दुसऱ्या प्रकारच्या गणिताला पहिल्या प्रकारात कसं आणायचं हाच त्या काळातला प्रश्न होता.

आता चल बदलून पाहू. x = t² घेतलं तर √x चं t होतं, पण ∛x चं t चा दोन-तृतीयांशावा घात होतो. एक मूळ गेलं, दुसरं राहिलं. x = t³ घेतलं तर ∛x चं t होतं आणि √x चं t चा दीड घात. पुन्हा तेच. दोन्ही घात पूर्ण व्हायचे तर t चा घात दोनानेही भागला गेला पाहिजे आणि तीनानेही. असा सर्वांत लहान घात सहा. x = t⁶ घेतलं की √x = t³ आणि ∛x = t².

इथपर्यंत लसाविचं उत्तर झालं. पण बारा घेतला तर? तोही दोन्हींनी भागला जातो. x = t¹² घेऊन हे गणित खरंच सुटतं; फक्त ६t³/(t + १) ऐवजी १२t⁷/(t² + १) असं जास्त घातांचं फलन मिळतं आणि भागाकार लांबतो. म्हणजे बाराही चालतो, पण सहामध्ये काही वेगळं आहे. ते असं:

t = √x ÷ ∛x

६४ घेऊन बघा. वर्गमूळ ८, घनमूळ ४, भागाकार २, आणि दोनाचा सहावा घात ६४. एक-द्वितीयांशातून एक-तृतीयांश वजा केला की एक-षष्ठांश उरतो, तोच हा हिशोब. सहावं मूळ आपण बाहेरून आणलेलं नाही. वर्गमूळ आणि घनमूळ जिथे एकत्र आले तिथे भागाकाराच्या रूपाने ते आधीपासून होतंच. √x आणि ∛x पासून t फक्त भागाकाराने मिळतो, आणि t पासून √x आणि ∛x फक्त गुणाकाराने परत मिळतात. दोघांत जेवढी माहिती आहे तेवढीच एकट्या t मध्ये आहे, कमीही नाही आणि जास्तही नाही. बाराव्या मुळाचं तसं नाही: √x आणि ∛x यांची कितीही बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार केले तरी बारावं मूळ त्यातून निघत नाही. ते खरोखर बाहेरून आणावं लागतं, आणि म्हणून गणित उगाच फुगतं.

आता प्रत्यक्ष सोडवू. छेद t³ + t² होतो, म्हणजे t²(t + 1). आणि dx च्या जागी काय येतं ते काळजीपूर्वक पाहायचं, कारण बहुतेक चुका इथेच होतात. x = t⁶ चं अवकलन केलं की

dx = 6t⁵ dt

हा 6t⁵ म्हणजे ताणाचं माप आहे. t जेव्हा १ पासून २ पर्यंत जातो तेव्हा x हा १ पासून ६४ पर्यंत जातो. t ची एक बारीकशी पायरी x च्या अक्षावर सगळीकडे सारखी उमटत नाही: t = १ जवळ ती सहापट मोठी होते, तर t = २ जवळ ६ गुणिले ३२, म्हणजे १९२ पट. क्षेत्रफळ काढताना पट्ट्यांची रुंदी मोजायची असते, म्हणून हा ताण हिशोबात धरावाच लागतो. तो धरला की

∫ 6t⁵ dt / (t²(t + 1)) = 6 ∫ t³/(t + 1) dt

मूळचिन्ह कुठेच राहिलं नाही. अंशाचा घात छेदाच्या घातापेक्षा मोठा आहे, म्हणून तुकडे पाडण्याआधी भागाकार करायचा. t³ ला t + 1 ने भागलं तर भागाकार t² − t + 1 आणि बाकी −1. खात्री करायची तर (t + 1)(t² − t + 1) हा गुणाकार t³ + 1 येतो, त्यातून एक वजा केला की t³. म्हणून

6 ∫ (t² − t + 1 − 1/(t + 1)) dt = 2t³ − 3t² + 6t − 6 ln(t + 1) + C

इथे ln म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदम. t च्या जागी x चं सहावं मूळ परत ठेवलं की उत्तर पूर्ण होतं:

2√x − 3∛x + 6x^(1/6) − 6 ln(1 + x^(1/6)) + C

हे उत्तर मला फार देखणं वाटतं, आणि त्याला कारण आहे. वर्गमूळ आणि घनमूळ यात आहेतच, पण प्रश्नात कुठेही न दिसलेलं सहावं मूळ उत्तरात उघड लिहिलेलं आहे. x = t⁶ ही नुसती सोय असती तर शेवटी t निघून गेल्यावर तिचा मागमूस राहिला नसता. तसं होत नाही, कारण सहावं मूळ या फलनाचाच भाग होतं.

उत्तर बरोबर आहे का, हे उत्तराचं अवकलन करून तपासता येतं. चारही पदांचं अवकलन करून सगळं t मध्ये लिहिलं तर 1/t³ − 1/t⁴ + 1/t⁵ − 1/(t⁵(t + 1)) मिळतं. 1/t⁵ सामाईक काढला की कंसात t² − t + 1 − 1/(t + 1) राहतं, आणि ते t³/(t + 1) आहे हे आपण नुकतंच पाहिलं. म्हणून सगळं मिळून 1/(t²(t + 1)), म्हणजेच मूळचं फलन.

आता क्षेत्रफळ. चल बदलला की मर्यादाही बदलायच्या: x च्या १ आणि ६४ च्या जागी t च्या १ आणि २. पहिल्या पदातून १४, दुसऱ्यातून −९, तिसऱ्यातून ६, आणि चौथ्यातून −६ गुणिले दीडचा लॉगॅरिदम, म्हणजे साधारण −२.४३३. बेरीज ८.५६७. इथे पुष्कळ जण x च्याच मर्यादा ठेवून t च्या सूत्रात ६४ घालतात. मग 2t³ हे एकटं पदच पाच लाखांवर जातं. इतकी मोठी चूक निदान डोळ्यांत भरते. न दिसणारी चूक म्हणजे dx च्या जागी नुसतं dt लिहिणं. तेव्हा समाकलन 1/(t²(t + 1)) चं होतं, तेही नीट सुटतं आणि १ ते २ मध्ये सुमारे ०.२१२ येतं. आकडा लहान, धन, निरुपद्रवी. पाहून शंका येणार नाही. पण आलेखाकडे एकदा पाहिलं की तो खोटा आहे हे कळतं. १ ते ६४ मध्ये रेघेची उंची कुठेही एक-द्वादशांशाच्या खाली जात नाही आणि रुंदी ६३ आहे. म्हणजे क्षेत्रफळ किमान ६३ भागिले १२, म्हणजे ५.२५, असलंच पाहिजे. उंची अर्ध्याच्या वरही जात नाही, म्हणून ते ३१.५ पेक्षा जास्त असू शकत नाही. ८.५६७ या दोन आकड्यांच्या मध्ये बसतं, ०.२१२ बसत नाही. असा अंदाज बांधायला अर्धं मिनिट लागतं, आणि शाळेत त्याची सवय लावली जात नाही याची मला खंत वाटते.

या बदलाचा एक फायदा असा आहे की ज्याला सूत्र नको, नुसता आकडा हवा, त्यालाही तो उपयोगी पडतो. सिम्प्सनचा नियम बहुतेकांनी कॉलेजात ऐकलेला असतो: सुरुवातीची उंची, मधल्या उंचीची चौपट आणि शेवटची उंची यांची बेरीज करा, रुंदीने गुणा आणि सहाने भागा. मूळच्या फलनाला १ ते ६४ वर हा नियम लावू. सुरुवातीला ०.५, मध्ये म्हणजे ३२.५ वर सुमारे ०.११२५, शेवटी ०.०८३३. उत्तर साधारण १०.८५ येतं, म्हणजे खऱ्या आकड्यापासून चांगलंच दूर. आता तोच नियम 6t³/(t + 1) ला १ ते २ वर लावू. तीन उंच्या ३, ८.१ आणि १६. बेरीज ३ अधिक ३२.४ अधिक १६, म्हणजे ५१.४, सहाने भागलं की ८.५६७. तिसऱ्या दशांशापर्यंत बरोबर, आणि तेही तीनच उंच्यांवरून. मूळची रेघ डावीकडे झपाट्याने पडते आणि उजवीकडे जवळजवळ सपाट होते. t च्या अक्षावर तो सगळा तीव्रपणा सारखा वाटला जातो, म्हणून तीन बिंदू पुरतात. शून्यापासून १ पर्यंतचं क्षेत्रफळ काढायचं असेल तर हे आणखी ठळक होतं. x शून्याकडे गेला की मूळ फलन अनंताकडे जातं, तर t चं फलन शून्यावर शांतपणे शून्य होतं. ते क्षेत्रफळ ५ − ६ ln २ आहे, म्हणजे सुमारे ०.८४१.

बेरजेच्या जागी वजाबाकी केली की याच गणितात एक खड्डा तयार होतो. 1/(√x − ∛x) घेतलं तर छेद t²(t − 1) होतो, भागाकार t² + t + 1 आणि बाकी अधिक एक. उत्तर येतं

2√x + 3∛x + 6x^(1/6) + 6 ln|x^(1/6) − 1| + C

सूत्र बरोबर आहे. पण x = १ वर √x आणि ∛x समान होतात, छेद शून्य होतो आणि फलन फुटतं. समजा कुणी एक-चौसष्ठांशापासून ६४ पर्यंतचं क्षेत्रफळ मागितलं, म्हणजे t हा अर्ध्यापासून दोनापर्यंत. सूत्रात किमती घातल्या तर ४०.१६ च्या आसपास आकडा मिळतो, कारण लॉगॅरिदमच्या आत केवलमूल्याचं चिन्ह आहे आणि ते ऋण संख्येलाही मुकाट्याने आत घेतं. मात्र असं क्षेत्रफळ अस्तित्वातच नाही. १ च्या डावीकडे रेघ खाली अनंताकडे जाते, उजवीकडे वर अनंताकडे, आणि दोन्ही बाजूंचं क्षेत्रफळ वेगवेगळं मोजलं तर दोन्ही अमर्याद आहेत. म्हणून मर्यादा घालण्याआधी t च्या मर्यादांमध्ये छेदाचं शून्य पडतं का, हे पाहायचं. चल बदलल्यामुळे ते पाहणं सोपं होतं: t − 1 शून्य कधी होतो हे सांगायला विचारही करावा लागत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे हे सगळं जमतं का याकडे. त्याचं उत्तर एका चित्रात आहे. आडव्या अक्षावर ∛x मोजा आणि त्याला v म्हणा. उभ्या अक्षावर √x मोजा आणि त्याला u म्हणा. x बदलत गेला की (v, u) हा बिंदू एका वक्रावर फिरतो. u चा वर्ग x आहे आणि v चा घनही x आहे, म्हणून वक्राचं समीकरण

u² = v³

u ची ऋण बाजूही धरली तर आरंभबिंदूपाशी एक टोक आणि तिथून उजवीकडे वर-खाली उघडत जाणाऱ्या दोन शाखा, असं त्याचं रूप दिसतं. गणितात हा वक्र जुना आणि नामांकित आहे. वक्र रेषेची लांबी सरळ रेषेत नेमकी सांगता येणार नाही असं देकार्त यांनी १६३७ मध्ये लिहिलं होतं. विल्यम नील या इंग्रज तरुणाने १६५७ मध्ये याच वक्राची लांबी नेमकी काढून दाखवली, तेव्हा तो विशीत जेमतेम पोचला होता.

या वक्राच्या टोकापासून, म्हणजे आरंभबिंदूपासून, एक सरळ रेषा काढा. तिचा चढ t असेल तर तिचं समीकरण u = tv. ती वक्राला कुठे छेदते? u च्या जागी tv ठेवलं की t²v² = v³ मिळतं. इथे v² दोन्ही बाजूंना आहे. तो काढून टाकला की उरतं v = t², आणि मग u = t³. आपलं x = t⁶ हेच! u भागिले v म्हणजे रेषेचा चढ, आणि चढ म्हणजे √x भागिले ∛x. तिसऱ्या घाताच्या वक्राला सरळ रेषा तीन ठिकाणी छेदू शकते. त्यांतले दोन छेद टोकावरच खर्ची पडतात, म्हणून तिसरा छेद साध्या एकघाती समीकरणातून, मूळ न काढता, मिळतो. वक्राला टोक आहे म्हणून हे जमतं. लसावि ही याच गोष्टीची अंकगणितातली बाजू.

हे एकदा दिसलं की रीत कुठपर्यंत ताणता येईल तेही दिसतं. दोन्ही मुळं x + 1 ची असली तर x + 1 = t⁶ घ्यायचं, काहीच बदलत नाही. दोन्ही मुळं (ax + b)/(cx + d) अशा एकाच अपूर्णांकाची असली तरी त्यालाच t⁶ म्हणायचं. X हा t च्या परिमेय फलनाने मिळतो, कारण समीकरण x मध्ये एकघाती आहे. मुळाखाली काय आहे हे महत्त्वाचं नाही. दोन्ही मुळांखाली तेच असणं महत्त्वाचं आहे.

तेच नसेल तर काय होतं ते पाहा. √x तसंच ठेवा आणि ∛x च्या जागी ∛(x + 1) घ्या. कागदावर बदल एका एकाचा. पण आता u² = x आणि v³ = x + 1, म्हणून वक्र

u² = v³ − 1

याला टोक नाही. हा सगळीकडे गुळगुळीत आहे. तरी आधीचीच युक्ती करून पाहू. (v, u) = (1, 0) हा बिंदू या वक्रावर आहे. तिथून m चढाची रेषा काढली, u = m(v − 1). समीकरणात घातली आणि v − 1 हा सामाईक अवयव काढला की उरतं

v² + (1 − m²)v + (1 + m²) = 0

आता एकच छेद खर्ची पडला, दोन उरले, म्हणून समीकरण वर्गाचं राहिलं. ते सोडवायला वर्गमूळ लागतं, आणि त्या मुळाखाली m⁴ − 6m² − 3 येतं. एक मूळ घालवायला गेलो आणि त्याच्या जागी चौथ्या घाताचं दुसरं आलं. बिंदू बदलला, युक्ती बदलली तरी हेच होतं, आणि याची सिद्धता आहे. एकोणिसाव्या शतकात रीमान यांच्या कामातून प्रत्येक बीजगणितीय वक्राला जीनस नावाची एक पूर्ण संख्या जोडली गेली. वक्राचे बिंदू एकाच चलाच्या परिमेय फलनांनी मिळायचे असतील तर ती संख्या शून्य असावी लागते. u² = v³ ची शून्य आहे, u² = v³ − 1 ची एक आहे. म्हणून √x आणि ∛(x + 1) या दोघांना एकदम परिमेय करणारा चलबदल नाही. कितीही शोधला तरी सापडायचा नाही.

याचा अर्थ असा नव्हे की या दोन मुळांचं प्रत्येक समाकलन अडतं. सुदैवी अपवाद असतातच. पण अडणारं एक उदाहरण अगदी साधं आहे. √x आणि ∛(x + 1) चा वर्ग यांच्या गुणाकाराने १ ला भागा:

∫ dx / (√x · (x + 1)^(2/3))

x + 1 = v³ घेतलं तर dx = 3v² dv, वरचा v² खालच्या v² ला काढून टाकतो आणि राहतं

3 ∫ dv / √(v³ − 1)

हे लंबवर्तुळी समाकलन. घात, मुळं, लॉगॅरिदम, त्रिकोणमितीची फलनं, यांतलं काहीही वापरून याचं उत्तर लिहिता येत नाही. रशियन गणिती चेबिशेव यांनी १८५३ मध्ये या प्रकारच्या समाकलनांचा कायमचा निकाल लावला. x चा m वा घात गुणिले (1 + x) चा p वा घात, आणि m, p परिमेय संख्या असतील, तर m, p आणि m + p या तीनांपैकी किमान एक तरी पूर्ण संख्या असावी लागते. तशी असेल तर उत्तर मिळतं हे अठराव्या शतकातही ठाऊक होतं. तशी नसेल तर मिळूच शकत नाही, हे चेबिशेव यांनी सिद्ध केलं. आपल्या उदाहरणात m = −1/2, p = −2/3 आणि त्यांची बेरीज −7/6. तीनही अपूर्णांक.

तरीही या फलनाचं शून्यापासून अनंतापर्यंतचं संपूर्ण क्षेत्रफळ नेमकं सांगता येतं. ऑयलर यांच्या गॅमा फलनाने ते Γ(1/2)·Γ(1/6)/Γ(2/3) आहे, म्हणजे सुमारे ७.२८६. शून्यापासून १ पर्यंतचा तुकडा, किंवा १ पासून ६४ पर्यंतचा, मागितला तर मात्र सिम्प्सनसारखी आकडेमोड करावी लागते, नाहीतर लंबवर्तुळी फलनांची कोष्टकं उघडावी लागतात.